डबीत होतं, पण डबीवर नव्हतं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातल्या व्याख्यानमालेत क्लब हाऊसमध्ये दिलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातला बराचसा भाग मुद्दाम तसाच ठेवला आहे.)



सेक्रेटरी साहेबांनी मला पाऊण तास दिलाय, आणि साडेसातला बटाटेवडे येणार आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मी पाल्हाळ लावणार नाही.

मी एका औषध कंपनीत चौतीस वर्षं नोकरी केली. क्वालिटी कंट्रोलमध्ये. आमचं काम दोन वाक्यांत सांगता येतं. लेबलवर जे लिहिलंय ते गोळीत आहे का, हे बघायचं. आणि लेबलवर जे लिहिलेलं नाही ते गोळीत नाही ना, हेही बघायचं. पहिलं काम लोकांना कळतं. आज बोलायचंय ते दुसऱ्याबद्दल.

आपल्याच सोसायटीतल्या एका ताईंची हकीकत सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे. त्या आज सभागृहात बसल्यात, पण कोणत्या ते मी सांगणार नाही, आणि कृपया मागे वळून बघू नका.

ताईंचं वय एक्केचाळीस. भाच्याचं लग्न डिसेंबरात होतं, आणि जुने ब्लाऊज होईनात. सकाळी फिरायला जाणाऱ्या ग्रुपमधून एका ओळखीच्या बाईंकडून त्यांना वजन कमी करायच्या कॅप्सूलची डबी मिळाली. साठ कॅप्सूल, अठराशे रुपये. रोज दोन घ्यायच्या, एक नाश्त्याआधी, एक दुपारच्या जेवणाआधी. डबीवर हिरवं पान, वर ठळक अक्षरांत 'शंभर टक्के नैसर्गिक'. घटक म्हणून ग्रीन टी, गार्सिनिया म्हणजे आपल्या आमसुलाचंच भावंडं, सोनामुखी आणि आणखी दोन वनस्पती.

तीन आठवड्यांत पाच किलो वजन उतरलं. ताई म्हणाल्या, "काका, भूकच लागत नव्हती. पोळी समोर असली तरी हात जात नव्हता." घरात सगळे खूश. दोन मैत्रिणींनीही डब्या मागवल्या.

मग झोप गेली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळे टक्क उघडे. तोंडाला कोरड पडायची, उशाशी पाण्याची बाटली लागायची. आणि मग आपल्या बी विंगची लिफ्ट चार दिवस बंद होती ना, तेव्हा तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत छातीत इतकी धडधड व्हायला लागली की त्या जिन्यातच बसल्या.

डॉक्टरांनी तपासलं. नाडी ११२, रक्तदाब १५८/९८. ईसीजीत ठोके जलद, बाकी काही नाही. वजन उतरलंय, झोप नाही, धडधड आहे, घाबरल्यासारखं होतंय, म्हटल्यावर कुठल्याही चांगल्या डॉक्टरच्या मनात पहिलं येतं ते थायरॉईड. त्यांनी टीएसएच करायला सांगितलं. ते नॉर्मल आलं. डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध चालू आहे का?" ताई म्हणाल्या, "नाही."

या 'नाही'मध्ये दहा दिवस गेले. ताई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच, ती हर्बल कॅप्सूल होती. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली. म्हणजे एकीकडे रक्तदाब चढवणारी कॅप्सूल पोटात जात होती आणि दुसरीकडे उतरवणारी गोळी.

इथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे. त्यांच्या घरी सत्यनारायणाला मी गेलो होतो, तेव्हा ही डबी फ्रीजवर ठेवलेली मी पाहिली होती. हातातही घेतली होती. चौतीस वर्षं लेबलं वाचलेला माणूस मी. डबीवरचा मजकूर मला खटकला. पण लग्नाघरी काय उगाच शंका काढायची, असं म्हणून मी ती परत ठेवली आणि प्रसादाचा शिरा खाल्ला. पुढे त्यांचे मिस्टर ती डबी घेऊन माझ्या दारात उभे राहिले, तेव्हा मला तो शिरा आठवला.

तर त्या डबीत काय खटकण्यासारखं होतं, ते आता नीट सांगतो.

घटकांच्या यादीत सगळी पानंफुलं. पण डबीच्या मागे सूचना होती: हृदयविकार, उच्च रक्तदाब, पक्षाघाताचा इतिहास, गरोदर आणि स्तनदा माता यांनी घेऊ नये. आता मला सांगा, ग्रीन टी आणि आमसूल यासाठी पक्षाघाताचा इशारा कशाला? आमसुलाची सोलकढी आपण पक्षाघात झालेल्या माणसालाही देतो. ही सूचना एखाद्या विशिष्ट औषधाच्या माहितीपत्रकातून उचलल्यासारखी वाटत होती. बनवणाऱ्याला माहीत असतं आत काय टाकलंय. नाव छापायचं नसतं, पण उद्या कुणाला काही झालं तर 'आम्ही सांगितलं होतं' म्हणायला जागा ठेवायची असते.

दुसरं, आतल्या चिठोऱ्यावर लिहिलं होतं: पहिले काही दिवस तोंड कोरडं पडेल, झोप कमी लागेल, क्वचित डोकं दुखेल, हे शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडत असल्याचं लक्षण आहे, भरपूर पाणी प्या. हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. तोंड कोरडं पडणं, झोप उडणं, डोकं दुखणं, बद्धकोष्ठ, हे एका माहितीतल्या औषधाचे दुष्परिणाम आहेत, जवळजवळ त्याच क्रमाने. इथे ते दुष्परिणाम गुण म्हणून विकले होते. आणि चिठोरा आधीच सांगून मोकळा झाल्यामुळे त्रास झाला तरी गिऱ्हाईक औषध थांबवत नाही, उलट 'असर होतोय' म्हणून आनंदतं. ताईंनीही तसंच केलं.

तिसरं, मूळ छपाई चिनी लिपीत, आणि त्यावर इंग्रजीचा स्टिकर चिकटवलेला. स्टिकरवर आपल्या एफएसएसएआयचं चिन्ह आणि खाली परवाना क्रमांक. मी तो बोटाने मोजला. तेरा आकडे भरले. एफएसएसएआयचा क्रमांक चौदा आकडी असतो. घरी गेल्यावर बिस्किटाच्या पुड्यावर मोजून बघा.

मंडळी, एवढ्यावर मला शंका आली, पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. मग मी दोन घरगुती उद्योग केले. ते सांगतो, कारण त्यातला एक उपयोगी ठरला आणि दुसऱ्याने मला जवळजवळ फसवलं.

पहिला उद्योग वजनाचा. आमच्या कोपऱ्यावरच्या सोनाराकडे मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आहे. डबीत बारा कॅप्सूल उरल्या होत्या. एकेक अख्खी तोलली, मग उघडून पावडर काढून रिकामी टोपणं तोलली. दोन्हीतला फरक म्हणजे आतला माल. सगळ्यात हलकी भरली ३१० मिलिग्रॅम, सगळ्यात जड ४२० मिलिग्रॅम. औषधांच्या कारखान्यात ३०० मिलिग्रॅमच्या वरच्या कॅप्सूलचं वजन सरासरीपासून साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त इकडेतिकडे गेलं तर आम्ही भुवया उंचावतो, आणि अशा दोनपेक्षा जास्त निघाल्या तर अख्खी बॅच अडवतो. इथे बारातल्या पाच बाहेर गेल्या. याचा अर्थ आत विष आहे असा नाही. याचा अर्थ एवढाच, की हे ज्याने भरलं त्याच्याकडे मोजून भरायची शिस्त नाही. आणि अशा हाताने एखादं तीव्र औषध त्यात कालवलं असेल, तर एका कॅप्सूलमध्ये चिमूटभर आणि दुसऱ्यात दोन चिमटी जाणार. चिवड्यात मीठ नीट मिसळलं नाही की एक घास अळणी आणि एक खारट लागतो ना, तसं.

दुसरा उद्योग रंगाचा. तुमच्यातल्या सायन्सवाल्यांना फिनॉफ्थॅलिन आठवत असेल. शाळेच्या प्रयोगशाळेत थेंब टाकला की अल्कलीत गडद गुलाबी होणारं ते द्रावण. हा पदार्थ पूर्वी जुलाबाच्या गोळ्यांत वापरायचे. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्यामुळे अमेरिकेत १९९९मध्ये तो अशा गोळ्यांतून काढायला लावला. पण वजन कमी करण्याच्या बनावट कॅप्सूलमध्ये तो अजून सापडतो, कारण जुलाब झाले की काटा खाली येतो आणि माणसाला वाटतं चरबी गेली. मी पावडर थोड्या स्पिरिटमध्ये ढवळली, गाळली आणि त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकलं. रंग आला! तांबूस गुलाबी. माझ्या मिसेस बाजूला उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "झालं, पकडलंत."

पण नाही. नोकरीतल्या सवयीने मी लेबल परत वाचलं. त्यात सोनामुखी लिहिलेली होती. सोनामुखीतली द्रव्यंसुद्धा अल्कलीत तांबूस होतात. हळदही होते, आपलं कुंकू त्याच तत्त्वावर हळदीला चुना लावून होतं. म्हणजे रंग आला म्हणून फिनॉफ्थॅलिन आहे असं नाही. उलट रंग आला नाही म्हणून माल शुद्ध आहे असंही नाही, कारण मला ज्याचा खरा संशय होता ते औषध अल्कलीत रंगच देत नाही. म्हणून सांगतो, घरी हे प्रयोग करून समाधान मानू नका. मीही मानलं नाही. माझा एक जुना सहकारी आता एका खासगी प्रयोगशाळेत आहे, त्याच्याकडे तीन कॅप्सूल सीलबंद करून पाठवल्या.

तिथे काय करतात ते थोडक्यात. पावडर मिथेनॉलमध्ये विरघळवतात आणि ते द्रावण एका बारीक, भुकटी ठासून भरलेल्या नळीतून दाबाने पुढे ढकलतात. प्रत्येक पदार्थ त्या नळीतून आपापल्या वेगाने बाहेर पडतो, मॅरेथॉनमध्ये धावक एकेक करून बाहेर पडतात तसे. शुद्ध नमुना ज्या मिनिटाला बाहेर येतो त्याच मिनिटाला कॅप्सूलमधलंही काही बाहेर आलं, तर पुढचं यंत्र त्याच्या रेणूचं वजन मोजतं. दोन्ही जुळलं की ओळख पटते.

रिपोर्ट आला. फिनॉफ्थॅलिन नाही. तो गुलाबी रंग सोनामुखीचाच होता. सिब्युट्रामिन, होय. तिन्ही कॅप्सूलमध्ये. एकीत १८ मिलिग्रॅम, दुसरीत २१, तिसरीत २६.

हे सिब्युट्रामिन काय आहे? १९८०च्या दशकात इंग्लंडमधल्या बूट्स कंपनीने ते नैराश्यावरचं औषध म्हणून तयार केलं. नैराश्यावर त्याचा फार उपयोग दिसला नाही, पण रुग्णांची भूक मंदावते असं लक्षात आलं. मग ते वजनासाठी वापरायचं ठरलं आणि अमेरिकेत १९९७मध्ये 'मेरिडिया' नावाने डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायला मंजूर झालं. मेंदूत पेशींकडून पेशींकडे निरोप नेणारी दोन द्रव्यं असतात, नॉरअॅड्रिनलीन आणि सेरोटोनिन. काम झालं की मेंदू ती परत ओढून घेतो. हे औषध त्यांचं ते परत जाणं अडवतं. पोट भरल्याची भावना त्यामुळे जास्त वेळ टिकते. पण नॉरअॅड्रिनलीन फक्त मेंदूत काम करत नाही, ते हृदयाला आणि रक्तवाहिन्यांनाही चाबूक मारतं. म्हणून नाडी वाढते, रक्तदाब चढतो. म्हणजे ताईंना जी भूक लागत नव्हती आणि जी धडधड होत होती, ती दोन्ही एकाच कारणाची दोन टोकं. एक घ्यायचं आणि दुसरं सोडायचं, असं करता येत नाही.

डॉक्टर हे औषध देत तेव्हा दिवसाला साधारण १० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १५ देत, आणि नाडी-रक्तदाब तपासत राहत. ताई रोज दोन कॅप्सूल घेत होत्या, म्हणजे अंदाजे ४० ते ५०. कमाल मात्रेच्या तिप्पट, कुणाच्याही देखरेखीशिवाय.

आणि ते औषध गेलं का? तर जवळजवळ दहा हजार लोकांवर एक मोठी चाचणी झाली, 'स्काउट' नावाची. त्यातले लोक पंचावन्नच्या पुढचे, आधीपासून हृदयविकार किंवा मधुमेह असलेले. तिचे निकाल २०१०मध्ये आले. औषध घेणाऱ्यांत हृदयाचा झटका, पक्षाघात, बंद पडून पुन्हा सुरू केलेलं हृदय किंवा हृदयविकाराने मृत्यू, यांपैकी काही ना काही ११.४ टक्के लोकांना झालं, नकली गोळी घेणाऱ्यांत १० टक्के लोकांना. शंभरात दीडच माणूस जास्त, असं कुणी म्हणेल. पण वजनातला फरकही चारपाच किलोपेक्षा कमीच होता. एवढ्यासाठी एवढा धोका पत्करण्यात अर्थ नाही असं ठरलं. युरोपात ते त्याच वर्षी थांबलं, ऑक्टोबर २०१०मध्ये अमेरिकेत कंपनीने मागे घेतलं, आणि लगेच पाठोपाठ आपल्याकडेही बंदी आली.

दुकानातून गेलं, पण डब्यांतून गेलं नाही. कच्चा माल स्वस्त, आणि परिणाम आठवड्यात दिसतो. नुसत्या ग्रीन टीने आठवड्यात काही दिसत नाही, ही विक्रेत्याची खरी अडचण आहे. अमेरिकेच्या एफडीएने २००७ ते २०१६ या काळात जे भेसळीचे सप्लिमेंट जाहीर केले, त्यांचा हिशेब २०१८मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आला. एकूण ७७६ उत्पादनं. त्यांतली ३१७ वजन कमी करण्याची होती, आणि त्या ३१७पैकी २६९मध्ये सिब्युट्रामिन सापडलं. म्हणजे वजनाच्या भेसळीचा डबा पकडला तर सहांपैकी पाचांत हेच. हा हिशेब पकडलेल्या डब्यांचा आहे, बाजारातल्या सगळ्या डब्यांचा नाही, हे लक्षात ठेवा. घरातला प्रत्येक सप्लिमेंट फेकून द्या असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी दिलेलं व्हिटॅमिन डी घ्या बाबांनो, नाहीतर उद्या आमच्या डॉक्टर वहिनी मला लिफ्टमध्ये गाठतील.

ताईंचं पुढे काय झालं? मिस्टरांनी रिपोर्ट डॉक्टरांना दाखवला. कॅप्सूल बंद. सिब्युट्रामिन स्वतः रक्तातून काही तासांत कमी होतं, पण शरीरात त्याची जी रूपं तयार होतात ती खरं काम करतात, आणि ती दर चौदा-सोळा तासांनी निम्मी होत जातात. म्हणजे पुरतं निघून जायला तीन-चार दिवस. तिसऱ्या रात्री ताईंना झोप लागली. पाचव्या दिवशी नाडी ८४. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी हळूहळू काढली, स्वतःहून बंद करू नका असं बजावून. आणि हो, भूक परत आली, भाच्याच्या लग्नापर्यंत तीन किलो परत आले. नवे ब्लाऊज शिवले.

पण एक गोष्ट राहिली. त्यांच्या एका मैत्रिणीने तीच डबी घेतली होती, आणि ती मैत्रीण नैराश्यासाठी रोज एस्सिटालोप्रामची गोळी घेत होती. तीही सेरोटोनिन वाढवते. दोन्ही एकत्र आली तर सेरोटोनिन अतोनात वाढून ताप, थरथर, स्नायू कडक होणं, गोंधळणं असा प्रकार होऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो. तिने ती डबी अजून उघडलीच नव्हती, हे आमचं नशीब. त्या बाईच्या डॉक्टरांनी तिला कितीही काळजीने गोळी दिली असती, तरी जे लेबलवर नाही त्याबद्दल ते सावध कसं करणार?

आता 'एनर्जी'च्या गोळ्यांबद्दल एक परिच्छेद, आणि लहान मुलं पुढे खेळताहेत म्हणून सभ्य शब्दांत. पुरुषांसाठी 'शक्ती', 'जोम', 'एनर्जी' म्हणून विकल्या जाणाऱ्या हर्बल गोळ्यांत सगळ्यात जास्त सापडणारं छुपं औषध म्हणजे सिल्डेनाफिल. तुम्हाला ते दुसऱ्या नावाने माहीत आहे. माझ्या वयाचे जे मित्र छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात, त्यांनी हे ऐकावं. सिल्डेनाफिल आणि सॉर्बिट्रेट, दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात. एकत्र आली की रक्तदाब झपाट्याने कोसळतो. हार्ट अटॅकचा पेशंट कॅज्युअल्टीत आला की डॉक्टर विचारतात, गेल्या चोवीस तासांत असं काही घेतलंय का. हर्बल समजून घेतलेला माणूस 'नाही' म्हणतो. पुन्हा तेच 'नाही'. या गोळ्या बऱ्याचदा एकेक सुट्या पाकिटात, पान टपरीवर मिळतात आणि 'तासाभरात परिणाम' असं लिहिलेलं असतं. तासाभरात परिणाम करणारं मूळ-पाला मी चौतीस वर्षांत पाहिलं नाही.

डबी हातात घेतल्यावर बघायचं काय, हे मी ताईंच्या डबीवरून सांगितलं. त्यात थोडी भर घालतो.

एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक foscos.fssai.gov.in या साईटवर टाकून बघता येतो. पहिल्या आकड्यानंतरचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५, केंद्राच्या परवान्याला शून्य शून्य. क्रमांक खरा निघाला तरी तिथेच थांबू नका. साईटवरचं कंपनीचं नाव आणि पत्ता डबीवरच्याशी ताडून बघा, कारण दुसऱ्याचा क्रमांक छापायला फक्त प्रिंटर लागतो. आणि हा परवाना धंद्याचा असतो. त्याचा अर्थ तुमच्या हातातली डबी कुणी सरकारी प्रयोगशाळेत तपासली असा होत नाही.

आपल्या नियमाप्रमाणे हेल्थ सप्लिमेंटच्या डबीवर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं छापावं लागतं. आयुर्वेदिक औषध असेल तर ते वेगळ्या कायद्याखाली येतं, त्यावर औषधनिर्मितीचा परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि कारखान्याचा पत्ता असतो. ज्या डबीवर दोन्हीकडचं थोडंथोडं आहे, एफएसएसएआयचं चिन्हही आहे आणि लठ्ठपणा बरा करायचं वचनही आहे, ती डबी कुठल्याच कायद्यात बसत नाही. लठ्ठपणा बरा करण्याची जाहिरातच १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने करता येत नाही.

आणि 'एफडीए अप्रूव्हड'. हे वाचून आपल्याकडे लोक हरखतात. कुठली एफडीए? अमेरिकेची असेल, तर ती सप्लिमेंट बाजारात यायच्या आधी मंजूर करतच नाही, तिथला १९९४चा कायदाच तसा आहे. महाराष्ट्राची असेल, तर ते आपलं अन्न व औषध प्रशासन, तेही सप्लिमेंटला असा शिक्का देत नाही. तेव्हा हे शब्द दिसले की माझ्या मते डबी खाली ठेवावी.

आपले जिमला जाणारे तरुण मला एक रिपोर्ट दाखवतात, 'लॅब टेस्टेड, सिब्युट्रामिन आढळले नाही'. छान. पण प्रयोगशाळा जे शोधायला सांगितलंय तेच शोधते. बनवणारे रेणूतला एक छोटा तुकडा काढून टाकतात. परिणाम राहतो, वजन बदलतं, आणि यादीवरच्या तपासणीतून ते निसटतं. रिपोर्ट कोणत्या बॅचचा आहे, आणि ती बॅच तुमच्या डबीवर आहे का, तेवढं तरी बघा. बहुतेक वेळा बॅच नंबरच नसतो.

शेवटी, त्रास झालाच तर डबी कचऱ्यात टाकू नका. बायका म्हणतात, नको ती बला घरात. पण डॉक्टरांना तीच हवी असते. उरलेल्या कॅप्सूल, चिठोरा, बिल, विकणाऱ्याचा मेसेज, सगळं एका पिशवीत घालून न्या. आणि डॉक्टरांनी 'औषध काय घेता' विचारलं की काढा, चूर्ण, पावडर, पट्टी, सगळं सांगा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८००१८०३०२४ या टोल फ्री नंबरवर तुम्ही स्वतःही करू शकता, डॉक्टरच हवेत असं नाही. डबीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी द्यायची.

ताईंनी ती दिली. ज्या बाईंनी डबी विकली त्या स्वतःही तीच कॅप्सूल घेत होत्या, आणि त्यांनाही झोप येत नव्हती. त्यांनी ती पुढच्या एकीकडून घेतली होती, तिने आणखी कुणाकडून. ग्रुपवर आम्ही फोटो टाकला तेव्हा आपल्या सोसायटीतून आणखी चार डब्या बाहेर आल्या. दोन ए विंगमधून, एक सी विंगमधून, आणि एक, सांगायला लाज वाटते, माझ्या स्वतःच्या घरातून. सूनबाईंनी लपवून ठेवली होती, कारण 'बाबा लगेच लेबल वाचायला बसतील'.

वडे आले वाटतं. प्रश्न खाता खाता विचारा.